एका पानाचा करार

दुष्काळ, विहिरी, धरणं आणि पूर या विषयांवरच्या मराठी कथांचा प्रातिनिधिक संग्रह संपादित करायचं ठरलं, तेव्हा माझ्यासोबत आणखी एक संपादक होती. दोघांनी स्वतंत्र वाचायचं, स्वतंत्र याद्या करायच्या आणि मगच भेटायचं, असा आम्ही नियम केला. दिवाळी अंक, लेखकांचे संग्रह आणि जुनी मासिकं यांतून कथा जमल्या. त्यांतल्या चांगल्या कथा निवडणं तुलनेनं सोपं गेलं. शेजारी शेजारी बसतील अशा कथा निवडणं अवघड होतं. आटलेल्या विहिरीत उतरणाऱ्या बाईची कथा आमच्याकडे तीन लेखकांची होती. तिन्ही उत्तम होत्या, पण एका पुस्तकात तिन्ही आल्या असत्या तर तिसरीचा परिणाम बोथट झाला असता. म्हणून एकच ठेवली. शेवटी बारा कथांची यादी झाली आणि तिच्या मागे चार राखीव कथा ठेवल्या. परवानगी मिळेपर्यंत यादी पक्की नसते. त्यामुळे लेखकांना पाठवलेल्या पत्रात ‘निवड झाली’ असं न लिहिता ‘ही कथा घेण्याची इच्छा आहे’ असं लिहिलं.

सर्वांत जुनी कथा हरि नारायण आपट्यांची होती, ‘काळ तर मोठा कठीण आला’. आपटे 1919 साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो, त्यामुळे तिथे कुणाची परवानगी लागत नव्हती. मात्र अलीकडच्या आवृत्त्यांतल्या प्रस्तावना आणि टिपा त्या त्या संपादकांच्या असतात. म्हणून आम्ही जुन्या प्रतीवरून फक्त कथा घेतली.

खरी कसोटी एका वऱ्हाडी लेखिकेच्या कथेनं घेतली. कथा आधी दिवाळी अंकात आली होती, मग त्यांच्या संग्रहात. त्या आता हयात नाहीत. पहिला प्रश्न असा की हक्क कुणाकडे? त्या अंकाच्या नोकरीत नव्हत्या आणि अंकानं हक्क लिहून घेतले नव्हते, त्यामुळे अंकात छापून आल्यानं हक्क अंकाकडे गेला नव्हता. संग्रहाच्या प्रकाशकाशी मात्र 1999 साली करार झाला होता. त्यात पुस्तकरूपाचे हक्क दिले होते, पण मुदत लिहिलेली नव्हती. कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणजे 2004 साली हक्क लेखिकेकडे परत आले होते.

दुसऱ्या एका लेखकाचा करार दिसायला अगदी असाच होता, मुदत त्यातही नव्हती. पण तो 1988 सालचा होता. पाच वर्षांची ही तरतूद 1994 च्या दुरुस्तीनं आली आणि दुरुस्ती लागू होण्याआधीच्या करारांना ती लावता येत नाही. तिथे आम्ही लेखक आणि प्रकाशक दोघांकडून लेखी परवानगी घेतली. कराराच्या मजकुराइतकीच त्याखालची तारीख वाचावी लागते, हे या दोन कागदांनी दाखवलं.

हक्क लेखिकेकडे परत आले, म्हणजे आता ते वारसांकडे होते. मृत्युपत्र नव्हतं. मुलगा फोनवर म्हणाला, “आईच्या पुस्तकांचं सगळं मीच बघतो. माझी सही पुरे आहे.” तो खोटं बोलत नव्हता, घरचा पत्रव्यवहार खरोखर तोच बघत होता. पण वारस तिघं होते, वडील, तो आणि त्याची बहीण. एकाच्या सहीनं बाकीच्या दोघांचा वाटा बांधला जात नाही. आम्ही तिघांच्या नावानं एकच पत्र केलं आणि मानधन कुणाच्या खात्यात भरायचं तेही त्यातच लिहून घेतलं. वडिलांनी सही करण्याआधी विचारलं, “तिची भाषा सुधारणार तर नाही ना?”

हा प्रश्न मला त्या कागदांपेक्षा मोठा वाटला. कारण नेमकी तीच भीती आम्हालाही होती. बारा लेखकांचं पुस्तक एकसारखं दिसावं म्हणून आम्ही शैलीपत्रक केलं होतं. निवेदनात साहित्य महामंडळाचे लेखननियम, अंक एकाच पद्धतीनं, संवादाला दुहेरी अवतरण. आपट्यांच्या कथेचं शुद्धलेखनही आजचं केलं, कारण चिपळूणकरांच्या आधीचं गद्य मुळाप्रमाणे छापावं आणि नंतरचं आजच्या नियमांनी, असं त्या नियमांतच आहे. शब्द मात्र एकही बदलला नाही.

बोलीचं तसं करता येत नाही. वऱ्हाडी बाई ‘पानी’ म्हणते, कारण त्या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो. पण त्याच कथेचं निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि तिथे ‘पाणी’ आहे. अक्षरजुळणी करणाऱ्यानं एका फटक्यात सगळीकडे ‘पाणी’ केलं तर पानावर काहीच चुकीचं दिसत नाही, आणि बाईचा आवाज मात्र जातो. म्हणून प्रत्येक बोलीकथेसाठी वेगळी शब्दयादी केली आणि मुद्रितशोधकाला सांगितलं की संवादातला शब्द यादीशी ताडायचा, शब्दकोशाशी नाही. लेखकच एका पानावर ‘पानी’ आणि दुसऱ्यावर ‘पाणी’ लिहितो तेव्हा त्यालाच विचारलं. कधी ते अनवधान असतं, कधी ते पात्र शाळा शिकलेलं असतं. शेवटचं मुद्रित प्रत्येक लेखकाकडे किंवा वारसांकडे पाठवलं आणि मान्यतेची सही घेतली. हक्क दुसऱ्याला दिल्यावरही, आपल्या लेखनाची आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास लेखक दाद मागू शकतो.

करार आम्ही एका पानाचा, मराठीत केला. कथा विकत घेतली नाही, या एका पुस्तकात छापण्याचा परवाना घेतला. लेखकानं ती आपल्या संग्रहात किंवा आणखी कुठेही खुशाल द्यावी. कथा माझी आहे आणि हा परवाना द्यायला मी मोकळा आहे, एवढी हमी लेखकाची. मुदत आठ वर्षं लिहिली. प्रदेश जगभर लिहिला, कारण तो न लिहिल्यास फक्त भारत धरतात, आणि ई-पुस्तक परदेशातल्या मराठी वाचकांनीही घ्यावं अशी इच्छा होती. परवाना वर्षभरात वापरला नाही तर, वेगळं लिहिलेलं नसल्यास, तो संपतो. पुस्तकं लांबतात, म्हणून दोन वर्षं लिहिली आणि तोवर पुस्तक न आल्यास करार रद्द. स्वरूप दोनच, छापील आणि ई-पुस्तक.

पैशाचा हिशेब आम्ही लेखकांसमोर मांडला. चारशे रुपये किंमत आणि दहा टक्के स्वामित्वधन धरलं तर प्रतीमागे चाळीस रुपये येतात. त्यातले दहा संपादकांचे वजा केले तर बारा कथांना प्रत्येकी अडीच रुपये. पाचशे प्रती खपल्यावर साडेबाराशे, तेही वर्ष-दोन वर्षांत तुकड्यातुकड्यांनी. त्यापेक्षा प्रकाशनाच्या वेळी एकरकमी मानधन, दोन प्रती आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला पुन्हा मानधन, हे सगळ्यांनी पसंत केलं. ज्येष्ठ आणि नवख्या लेखकाला रक्कम सारखीच ठेवली आणि ती करारातच आकड्यात लिहिली, म्हणजे कुणाला दुसऱ्याचा आकडा विचारावा लागला नाही.

पुस्तक आल्यानंतर श्राव्य आवृत्तीचा प्रस्ताव आला. करारात ते स्वरूप नव्हतं, म्हणून सगळ्यांना पुन्हा पत्रं गेली. बहुतेकांनी होकार दिला. एका लेखकानं आपल्या कथेचे श्राव्य हक्क आधीच दुसरीकडे दिले होते, त्यामुळे श्राव्य आवृत्ती अकरा कथांची झाली. वऱ्हाडी कथेच्या पत्रावर पुन्हा तिघांच्या सह्या आल्या, आणि खाली एक अट होती, वाचणारी बाई वऱ्हाडातलीच हवी. ती अट आम्ही करारात जशीच्या तशी उतरवली.