अर्ध्या तासाची उठबस

चिटगुप्प्यातल्या तूर-मुगाच्या काही आडत दुकानांचे हिशेब मी लॅपटॉपवर लिहितो. दर महिन्याला जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला आणि ३बीची २० तारखेला संपते. त्या दिवसांत सकाळी बसलो की दुपारीच उठणं व्हायचं. मान आखडायची, कळ दोन्ही खांद्यांच्या मधोमध उतरायची.

मी मोबाईलवर दर अर्ध्या तासाला ‘ताठ बसा’ असा गजर लावला. गजर वाजला की ताठ व्हायचो, पण दोन-चार बिलं भरेपर्यंत मान परत पुढे. बीदरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी कारण सांगितलं. “दादा, लॅपटॉपचा पडदा खाली आहे तोवर मान खालीच जाणार. आणि ताठ बसून दिवसभर कुणाचंच भागत नाही, स्नायू थकतात. गजर उठण्यासाठी लावा.”

मग लॅपटॉपखाली जुन्या खातेवह्या ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणली. कीबोर्ड आणि माउस वेगळे घेतले. बिलंही टेबलावर आडवी न ठेवता पडद्याशेजारी उभी लावली. खाली-वर बघणं त्यानंच निम्मं कमी झालं.

गजराऐवजी Stretchly नावाचा मोफत प्रोग्रॅम टाकला. त्यात मुळात दर १० मिनिटांनी २० सेकंदांची छोटी विश्रांती असते आणि अर्ध्या तासाला ५ मिनिटांची मोठी. बिलं भरताना १० मिनिटांनी थांबलं की आकडा निसटतो आणि माणूस वैतागून सूचनाच बंद करतो. म्हणून छोटी विश्रांती अर्ध्या तासाने, एका मिनिटाची ठेवली आणि मोठी तासाने. पडदा झाकण्याआधी सूचना येते, तेवढ्यात हातातलं बिल पुरं होतं. फारच अडलं तर विश्रांती थोडी पुढे ढकलता येते. कुणी शेठ येऊन बोलत बसले, कीबोर्डला बराच वेळ हात लागला नाही, तर प्रोग्रॅम ती विश्रांतीच धरतो. नको तेव्हा अडवत नाही, म्हणून ही सूचना टिकली.

छोट्या विश्रांतीत उभा राहतो. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे घेतो, पाच सेकंद धरतो, असं पाच वेळा. वर-खाली मान हलवायची नसते. मग खांद्याची पाती मागे एकमेकांकडे ओढतो. मोठ्या विश्रांतीत दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून एक पाऊल पुढे टाकतो, छाती ताणली जाते. तिथून पाणी प्यायला जातो.

मुदतीच्या दिवसांतही आता कळ खांद्यांपर्यंत उतरत नाही. पण बोटांना मुंग्या येत असतील किंवा हातातून वस्तू निसटत असेल, तर व्यायामावर न थांबता डॉक्टरांना दाखवा. बाकी लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी आधी पडदा वर घ्यावा, मगच सूचना लावावी.