सव्वासव्वीस दिरहम

पोस्ट जरा लांब आहे, पण ज्यांच्या घरचं कोणी आखातात कामाला आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा आणि त्यांना पाठवा.

मी मूळचा चिपळूणचा. चार वर्षं झाली, शारजात राहतो आणि दुबईत एसी डक्टचं काम करतो. पगार २,२०० दिरहम. त्यातले १,५०० घरी, ३५० मेसचे, १०० मोबाईलचे. उरतात अडीचशे. एवढ्यात महिना काढणाऱ्याला एकेक दिरहमाचा हिशेब ठेवावाच लागतो, म्हणून माझी एक वही आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये वही आणि बँकेचं ॲप जुळेना. ॲपमध्ये दोन ओळी जास्तीच्या होत्या: एक २५ दिरहमची, तिच्याखाली १.२५ ची. मागे जाऊन बघितलं तर जानेवारी आणि फेब्रुवारीतही त्याच दोन ओळी. डिसेंबरमध्ये नव्हत्या.

१.२५ म्हणजे पंचवीसवर ५ टक्के व्हॅट. अमिरातीत २०१८ पासून हा कर आहे. म्हणजे ही बँकेची फी होती, चोरी किंवा कार्डाचा घोळ नव्हता. ओळीत FALL BELOW FEE असं लिहिलेलं होतं. खात्यात ठरावीक रकमेपेक्षा कमी शिल्लक राहिली की लागते ती फी. इथल्या बऱ्याच बँकांत ही मर्यादा ३,००० दिरहम असते.

आता गंमत बघा. ज्याचा पगारच २,२०० आहे तो ३,००० शिल्लक कुठून ठेवणार? कस्टमर केअरच्या बाईंना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, सिस्टम तसं दाखवतेय." आणि रूममधला खेडचा एक दादा म्हणाला, "अरे सोड, सव्वीस दिरहमासाठी काय डोकं लावतोस." पण सव्वीस दिरहम म्हणजे आमच्या मेसचे सव्वादोन दिवस. मी सोडलं नाही.

बँकेच्या वेबसाईटवर सगळ्या फीचा तक्ता असतो. तो बारीक अक्षरातला कागद मी दोन रात्री वाचला. त्यात स्पष्ट होतं की पगाराच्या खात्याला ही फी माफ आहे. मग प्रश्न फीचा राहिलाच नाही. प्रश्न एवढाच की माझं खातं बँकेच्या लेखी पगाराचं आहे का? मी डिसेंबर आणि जानेवारीचं स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवलं. रक्कम तीच, तारीख जवळपास तीच. पण डिसेंबरच्या ओळीत SALARY शब्द होता आणि कंपनीचं जुनं नाव होतं. जानेवारीत नाव दुसरं होतं आणि SALARY शब्द गायब.

तेव्हा उलगडलं. डिसेंबरअखेर आमच्या मालकाने आम्हा बऱ्याच जणांना त्याच्याच दुसऱ्या कंपनीच्या नावावर घेतलं होतं. काम तेच, साईट तीच, फोरमनही तोच, फक्त लेबर कार्डवर कंपनी बदलली. अमिरातीत पगार डब्ल्यूपीएस नावाच्या सरकारी पद्धतीतून जातो. २००९ पासून ती आहे. कंपनी दर महिन्याला एक फाईल पाठवते. त्यात प्रत्येक कामगाराचा नंबर, त्याचा आयबॅन, कामाचे दिवस आणि पगार असतो, आणि कंपनीचा स्वतःचा नंबरही असतो. माझं खातं उघडलं होतं जुन्या कंपनीच्या नंबरावर. तिथून पैसे यायचे थांबले, तसं बँकेच्या कॉम्प्युटरने ठरवलं की ह्या माणसाचा पगार बंद झाला. दुसऱ्या नंबरावरून तेवढेच पैसे दर महिन्याला येतायत, ते त्याला दिसून न दिसल्यासारखं.

एक सांगतो, खरोखरच पगार बंद झाला असता, म्हणजे नोकरी सुटली असती, तर ही फी बरोबर ठरली असती. म्हणून नुसतं "फी अन्याय आहे" असं भांडून काही मिळत नाही. पगार चालू आहे हे दाखवावं लागतं.

आमच्या ऑफिसातला हिशेबनीस केरळचा, भला माणूस. त्याने जानेवारीपासूनच्या पगाराच्या स्लिपा आणि दोन्ही कंपन्या एकाच मालकाच्या आहेत असं एक पत्र दिलं. शाखेत जायचं तर माझी सुट्टी रविवारी आणि शाखा रविवारी बंद. म्हणून जूनमध्ये लेखी तक्रार ईमेलने टाकली. तारीखवार यादी दिली, स्लिपा जोडल्या आणि दोनच गोष्टी मागितल्या: घेतलेली फी परत करा आणि खातं पुन्हा पगाराचं म्हणून नोंदवा. तक्रारीचा नंबर आला, तो वहीत लिहून ठेवला. फोनवर कितीही बोला, नंबर नसेल तर ते बोलणं हवेत जातं.

बारा दिवसांनी उत्तर आलं. सद्भावना म्हणून एका महिन्याची फी परत करतो, तक्रार बंद करतो. आता इथेच बरेच जण गप्प बसतात. सव्वासव्वीस मिळाले, चला. पण सद्भावना म्हणजे काय? चूक मान्य नाही, खातं तसंच, पुढच्या महिन्यात फी पुन्हा. मी परत लिहिलं की मला सद्भावना नको, तक्त्यातल्या नियमाप्रमाणे उत्तर द्या, आणि तक्रार बंद झाली असं मी मानत नाही. त्यावर नुसती शांतता.

अमिरातीत बँक आणि विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी 'सनदक' नावाची संस्था आहे, तिथल्या सेंट्रल बँकेने उभी केलेली. तिथे थेट जाता येत नाही. आधी बँकेकडे तक्रार करून तिला ३० दिवस द्यावे लागतात. मी दिवस मोजले, जुलै गेला, आणि ऑगस्टमध्ये तिथे ऑनलाईन तक्रार टाकली. सोबत बँकेचा नंबर, तिचं सद्भावनेचं उत्तर, माझं प्रत्युत्तर, दोन स्टेटमेंटं आणि स्लिपा. सहा दिवसांनी बँकेतून फोन आला. ह्या वेळी बोलणाऱ्या माणसाला "एम्प्लॉयर नंबर" म्हणजे काय ते माहीत होतं. त्या महिन्याअखेर जानेवारी ते ऑगस्टचे आठ महिने धरून २१० दिरहम खात्यात जमा झाले. आपल्या पैशात साधारण पावणेपाच हजार रुपये. सप्टेंबरच्या ओळीत SALARY शब्द परत आला.

मला वाटलं होतं की कारण एकच आहे, तर बँक सगळ्यांची खाती स्वतःहून दुरुस्त करेल. तसं झालं नाही. ज्याने तक्रार केली त्याचंच खातं सुधारलं. आमच्या रूममध्ये आठ जण, त्यातले पाच ह्याच बँकेत आणि पाचही जानेवारीत त्याच नव्या कंपनीवर गेलेले. प्रत्येकाचे महिन्याला सव्वासव्वीस जात होते. दोघांना तर माहीतच नव्हतं, कारण पगार आला की ते एटीएममधून सगळा काढतात आणि स्टेटमेंट कधी उघडत नाहीत. पैसे मशीनमधून शंभराच्या पटीत निघतात, मागे जे सुटे उरतात त्यातूनच फी जाते, म्हणून कळतही नाही.

त्याहून वाईट म्हणजे व्हिसा कॅन्सल करून गावाला परतलेल्यांचं. पगार तर बंद झालेला असतोच, मग खात्यात राहिलेले शे-दीडशे दिरहम ह्याच फीत हळूहळू संपतात. परत येणार असाल तर मोबाईलचं सिम बंद करण्याआधी खातं बंद करा आणि बँकेकडून काही देणं बाकी नाही असं पत्र घ्या. सिम गेलं की ओटीपी गेला, आणि चिपळूणात बसून ते खातं बंद करणं महाकठीण.

माझा मजकूर मी रूममधल्या उरलेल्या चौघांना दिला. नाव, आयबॅन आणि तारखा तेवढ्या बदलायच्या. तिघांचे पैसे बँकेनेच परत केले, सनदकपर्यंत जावं लागलं नाही. चौथा म्हणजे तोच खेडचा दादा. त्याला बँकेने सद्भावनेचे सव्वासव्वीस देऊ केले, ते त्याने नाकारले. त्याचे तीस दिवस येत्या गुरुवारी पूर्ण होतायत. मजकूर कोणाला हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो.