बाईंसाठी लिहिलेला मजकूर

शुभेच्छांचा मजकूर लिहिण्याची वेळ तुमच्यापैकी बहुतेकांवर आली असेल. कोणाच्या निवृत्तीसाठी, कोणाच्या वाढदिवसासाठी चार ओळी हव्या असतात आणि घरातील ‘मराठीवाला’ म्हणून ते काम तुमच्याकडे येते. माझ्याकडेही ते असेच आले. मांडवगण फराटा हे भीमेकाठचे, शिरूर तालुक्यातील माझे गाव. तेथील प्राथमिक शाळेत आम्हांला शिकवलेल्या बाई निवृत्त होणार होत्या. आम्ही जुने विद्यार्थी पुणे, दौंड, चाकण असे पांगलेले. सर्वांनी मिळून एक मजकूर चौकटीत बसवून बाईंना द्यावा असे ठरले आणि लिहिण्याचे माझ्यावर आले. मी एका रात्रीत जो पहिला मसुदा लिहिला, तो चुकांसह तुमच्यापुढे ठेवतो :

‘आदरणीय सौ. बाई यांस, आपल्या सेवानिवृत्ती निमीत्त हार्दीक शुभेच्छा. आपण आम्हाला अक्षरे शिकवलीत. आपण आपल्या पगारातून आपल्या शाळेसाठी पुस्तके आणलीत. बाईनी आमच्यात कधीही भेदभाव केला नाही. ओढ्याला पाणी आले तेव्हा तुम्ही आम्हाला वस्तीवर सोडायला आलात. आपले उर्वरीत आयुष्य आनंदात जावो आणि तुला दिर्घायुष्य व सर्व सुखे लाभो, ही ईश्वरचरणी प्रार्थना.’

वाचताना हा मजकूर फारसा वाईट वाटत नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. आपलेच लेखन आपण डोळ्यांनी वाचत नाही, आठवणीने वाचतो. जे लिहायचे होते तेच दिसत राहते. म्हणून मी एक साधा उपाय केला. बाईंचा निर्देश करणारा प्रत्येक शब्द मजकुरातून उचलून वहीत एकाखाली एक लिहिला : आपल्या, आपण, आपण, आपल्या, बाईनी, तुम्ही, आपले, तुला. सहा वाक्यांत एकाच व्यक्तीचे आठ उल्लेख, आणि त्यांत ‘आपण’ आहे, ‘तुम्ही’ आहे, ‘तू’ आहे. शिवाय एका वाक्यात मी बाईंशी बोलणे थांबवून बाईंविषयी दुसऱ्याच कोणाशी बोलू लागलो आहे. वाक्यात विखुरलेली असताना ही विसंगती लपून राहिली होती. रकान्यात येताच ती उघडी पडली.

हे झाले कसे, याचा मी शोध घेतला. ‘तुला’ ज्या वाक्यात आले, ते वाक्य मी धाकट्या बहिणीच्या वाढदिवसासाठी पूर्वी लिहिले होते; सुबक वाटले म्हणून येथे आणले. ‘आपण’ असलेली वाक्ये समारंभात ऐकलेल्या मानपत्रांच्या वळणावर गेली होती. ओढ्याचे वाक्य मात्र खरोखर आठवून लिहिलेले होते, आणि तेथे ‘तुम्ही’ आपसूक उमटले होते. दर्जा घसरतो तो बहुधा अशा जोडकामाच्या शिवणीवर. तुमच्या मजकुरात संबोधन जेथे बदलते, तेथे थांबून ते वाक्य कोठून आले हे स्वतःला विचारा.

आता निवड करायची होती. ‘तू’ बाद करणे सोपे होते. ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ यांत मात्र मी बराच घुटमळलो. अधिक आदराचे म्हणून ‘आपण’ सर्वत्र लावावे, हा पहिला विचार. तसे करून पाहिले आणि पुस्तकांच्या वाक्यापाशी अडलो. ‘आपण आपल्या पगारातून आपल्या शाळेसाठी पुस्तके आणलीत.’ येथे पहिले ‘आपण’ म्हणजे बाई. दुसरे ‘आपल्या’ म्हणजे स्वतःच्या. तिसरे ‘आपल्या’ म्हणजे तुमच्या-आमच्या, सर्वांच्या. मराठीतील ‘आपण’ हे सर्वनाम ही तिन्ही कामे करते. ‘आणलीत’ या क्रियापदातील ‘त’ गळला, तर ‘आपण पुस्तके आणली’ याचा अर्थ आम्ही सर्वांनी मिळून आणली असाही होऊ शकतो, आणि मग बाईंनी स्वतःची पदरमोड केली हेच पुसले जाते. ज्या वाक्यासाठी मजकूर लिहायचा, तेच संदिग्ध.

दुसरे कारण व्याकरणातले नव्हते. आम्ही बाईंना जन्मात कधी ‘आपण’ म्हटलेले नाही. आमच्याकडे ‘आपण’ हे पाहुण्यांसाठी, अध्यक्षांसाठी राखून ठेवलेले. संस्थेच्या वतीने दिलेल्या मानपत्रात ते शोभले असते. विद्यार्थ्यांच्या तोंडी ते परके झाले असते. मी ‘तुम्ही’ ठरवले. ठरल्यावर क्रियापदांकडेही वळावे लागते, कारण मराठीत आदर नुसता सर्वनामात राहत नाही. ‘बाईनी भेदभाव केला नाही’ हे वाक्य संबोधनात आणताना ‘तुम्ही भेदभाव केला नाहीत’ असे झाले. पुष्कळ जण सर्वनाम बदलतात आणि ‘नाही’ तसेच ठेवतात.

‘बाईनी’ या शब्दात आणखी एक चूक होती. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत भर पडून ते अठरा झाले. त्यांतील एका नियमानुसार अनेकवचनी सामान्यरूपावर, प्रत्यय लागताना, अनुस्वार द्यायचा असतो आणि आदरार्थी बहुवचनालाही तोच नियम लागू आहे. ‘मुख्याध्यापकाचे भाषण’ आणि ‘मुख्याध्यापकांचे भाषण’ यांत फरक एका टिंबाचा आहे, पण पहिल्यात आदर नाही. म्हणून ‘बाईंनी’, ‘सरांचे’, ‘गुरुजींना’. त्याच नियमाने ‘तुम्हांला’, ‘आम्हांला’ होते. व्यवहारात या दोन शब्दांवरील अनुस्वार हल्ली पुष्कळदा गळतो. तुम्ही कोणतेही रूप घ्या, पण एका मजकुरात दोन्ही नकोत.

उरलेले दोष किरकोळ होते. हार्दिक, निमित्त, उर्वरित या तत्सम शब्दांतील उपान्त्य इकार ऱ्हस्व, ‘दीर्घायुष्य’ मधील पहिला दीर्घ. ‘निमित्त’ हे येथे शब्दयोगी असल्याने मागच्या शब्दाला चिकटवून ‘सेवानिवृत्तीनिमित्त’. सुखे अनेक, म्हणून ‘लाभो’ नव्हे, ‘लाभोत’. ‘उर्वरित आयुष्य’ शुद्ध करून झाल्यावर मी ते खोडूनच टाकले; निवृत्त होणाऱ्या माणसाला त्याचे किती उरले आहे याची आठवण कशाला द्यावी?

येथवर मी समाधानी होतो. मजकूर छपाईला देण्यापूर्वी गावाकडे चुलतीला दूरध्वनीवर वाचून दाखवला, तो केवळ कौतुकासाठी. पहिल्याच शब्दांवर तिने मला थांबवले. ‘सौ. नको लिहू. बाईंचे मालक जाऊन दोन वर्षे झाली.’ आमच्यापैकी कोणालाही हे माहीत नव्हते.

माझ्या साऱ्या तपासणीत ‘सौ.’ कडे मी पाहिलेही नव्हते, कारण त्यात अशुद्ध असे काही नव्हते. ‘सौ.’ म्हणजे सौभाग्यवती. पती हयात असलेल्या स्त्रीलाच ते लावतात. भर समारंभात, चौकटीत बसवून, आम्ही बाईंच्या हाती तो शब्द देणार होतो. कोणताही नियम, कोणताही कोश मला तेथे अडवू शकला नसता.

मग ‘श्रीमती’ लिहावे का? शासकीय पत्रव्यवहारात ते कोणत्याही स्त्रीच्या नावामागे लागते. आमच्या गावात मात्र ‘श्रीमती’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात वैधव्यच येते. जुन्या लग्नपत्रिकांत अशा स्त्रियांच्या नावामागे ‘गं. भा.’, म्हणजे गंगाभागीरथी, छापलेले तुम्ही पाहिले असेल. २०२३ साली ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याचा प्रस्ताव राज्यात पुढे आला, तेव्हा त्यावर कडाडून टीका झाली. शब्द कितीही पवित्र योजला, तरी तो स्त्रीची ओळख नवऱ्याच्या असण्यानसण्यावरूनच करून देतो. पुरुषाच्या ‘श्री.’ वरून तो विवाहित आहे की विधुर हे कळत नाही, आणि कोणी विचारतही नाही. मी उपाधी काढून टाकली. ‘आदरणीय बाई’ एवढेच ठेवले. आमच्या दृष्टीने त्यांची खरी उपाधी तीच होती.

एक वाक्य मात्र अखेरच्या दिवशी वाढले. आमचा एक वर्गमित्र ऊसतोड कामगारांचा मुलगा. गळिताच्या हंगामात त्याचे आईवडील आमच्या भागात येत आणि शेताकडेला कोपी घालून राहत. त्याने सांगितलेले वाक्य मी प्रथम ‘तुम्ही आमच्या निवासस्थानी येऊन मला शिक्षणाच्या प्रवाहात आणलेत’ असे शुद्ध करून लिहिले. त्याने ते वाचले आणि म्हणाला, ‘हे मी नाही बोललो.’ त्याचे खरे होते. उरलेला मजकूर प्रमाण मराठीत असताना त्यात बोलीतील वाक्य कसे बसवावे, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. ते त्याच्या नावे अवतरणात घातले, तेव्हा सुटला. अवतरणचिन्हांच्या आत बोलणारा वेगळा असतो, त्यामुळे बाहेरच्या भाषेची पातळी मोडत नाही. संबोधन तर दोन्हीकडे एकच होते. सुधारलेला मजकूर असा झाला :

‘आदरणीय बाई, तुमच्या सेवानिवृत्तीनिमित्त तुम्हांला हार्दिक शुभेच्छा. तुम्ही आम्हांला अक्षरे शिकवलीत. स्वतःच्या पगारातून आमच्या शाळेसाठी पुस्तके आणलीत. आमच्यात कधीही भेदभाव केला नाहीत. ओढ्याला पाणी आले, तेव्हा तुम्ही आम्हांला वस्तीवर सोडायला आलात. आमच्यातील एक जण म्हणतो, “बाई, तुमी कोपीवर आला नसता, तर मी साळंत आलो नसतो.” तुम्हांला दीर्घायुष्य व सर्व सुखे लाभोत, ही ईश्वरचरणी प्रार्थना.’

खाली सह्यांच्या वर एक ओळ असावी असे छपाईच्या वेळी कोणीतरी सुचवले आणि ती तेथेच घाईने जोडली गेली. ती मी रकान्यात उतरवली नव्हती, कारण रकाना मांडला तेव्हा ती नव्हतीच. समारंभात मजकूर मोठ्याने वाचताना ती माझ्यासमोर आली : ‘आपले नम्र विद्यार्थी’. बाईंच्या घरी, दारातून शिरताच समोरच्या भिंतीवर, ते ‘आपले’ अजून तसेच आहे.