प्यादं मारायची घाई

मुलांना बुद्धिबळ शिकवता ना? मग माझी एक चूक ऐका. परभणीतल्या आमच्या वर्गात एका मुलीकडे राजा आणि दोन घोडे उरले होते. समोर राजा आणि एक प्यादं. मीच म्हणालो, "मार की ते प्यादं!" तिने मारलं आणि डाव बरोबरीत सुटला.

का, ते पट मांडून बघा. काळा राजा एच८ वर, पांढरा राजा एच६ वर, घोडे एफ६ आणि ई५ वर. चाल काळ्याची. त्याला शह नाही, पण जायला घरही नाही, डाव बरोबरीत. आता डी४ वर काळं प्यादं ठेवा. काळ्याला ते डी३ वर सरकवावंच लागतं. मग घोडा एफ७ वर, शह आणि मात!

एकट्या राजावर दोन घोड्यांना मात लादता येत नाही. प्यादं असेल तर एका घोड्याने ते अडवायचं, दुसऱ्या घोड्याने आणि राजाने काळ्या राजाला कोंडायचं, मग अडवणारा घोडा मदतीला आणायचा. मात्र प्यादं फार पुढे गेलेलं असेल, तर घोडा येईपर्यंत त्याचा वजीर होतो. ही हद्द रशियाच्या ट्रॉइट्स्कींनी शोधली. तिच्या आतही कधी पन्नास चालींचा नियम आडवा येतो.

आता मी मुलांना आधी विचारतो, "प्यादं कुठल्या घरात आहे?"