साठ की सात?

गेल्या हंगामातील गोष्ट आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे सौदे आटोपून मी दुपारच्या एस.टी.ने साताऱ्यास निघालो होतो. गाडी आष्ट्याच्या पुढे आली आणि साताऱ्यातील एका मसाला गिरणीवाल्याचा फोन आला. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळीच राजापुरी हळद हवी होती, आणि तीही साठ पोती. माल आमच्या सांगलीच्या वखारीत तयार होता. तेथे बसलेल्या पुतण्याला निरोप धाडणे एवढेच काम उरले होते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हलत्या गाडीत बारीक अक्षरांवर बोट टेकवणे मला जमत नाही. मराठीत बोलून टंकण्याची सोय गूगलच्या कळफलकावर ऑगस्ट २०१७ मध्ये आली. माझ्यासारख्यांचे तेव्हापासून बरेच अडले काम सुटले आहे. त्या दिवशीही मी फोन मांडीवर ठेवला, माइकच्या खुणेवर बोट टेकवले आणि इंजिनाच्या आवाजावर मात करण्यासाठी चढ्या स्वरात एका दमात सारे सांगून टाकले. पुतण्याचे उत्तर आले, ‘बरं काका.’ मी निश्चिंत झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला, त्यात सात पोती होती. मी फोनवरून त्या मुलाला हमालांच्या देखत बोलू नये ते बोललो. त्याने उलट शब्द काढला नाही. थोड्या वेळाने माझ्याच निरोपाचे छायाचित्र पाठवले. त्यात स्वच्छ लिहिले होते, ‘राजापुरी सात पोती.’ उरलेल्या त्रेपन्न पोत्यांसाठी वेगळी गाडी करावी लागली, तिचे भाडे माझ्या पदरचे गेले. त्याचे मला फार वाटले नाही. निरपराध मुलाला चारचौघांत बोललो, हे मात्र मनाला लागून राहिले. चूक यंत्राची म्हणावी, तर मी ते कसे वापरले होते? त्यानंतरच्या सांगली-सातारा फेऱ्यांत मी याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला.

‘साठ’ आणि ‘सात’ या दोन शब्दांतील सारा भेद शेवटच्या व्यंजनात आहे. ठ म्हणताना जीभ टाळूकडे वळते आणि श्वासाचा एक लहानसा झोत सुटतो. हा आवाज क्षणभराचा आणि दुबळा असतो. ‘सा’मधील स्वर मोठा व ठसठशीत असल्याने तो गाडीच्या घरघरीतूनही तगतो, व्यंजन मात्र बुडून जाते. अशा वेळी ऐकणारे यंत्र पुढच्यामागच्या शब्दांवरून अंदाज बांधते. पण व्यापारात सात पोतीही असतात आणि साठ पोतीही असतात. दोन्ही वाक्ये सारखीच शहाणी, त्यामुळे अंदाजाला आधारच राहत नाही. ‘आठ’ आणि ‘साठ’, ‘बावन्न’ आणि ‘ब्याण्णव’, ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांतही हाच धोका आहे.

पहिला उपाय अंतराचा. आपल्या तोंडातून निघालेला आवाज जसजसा दूर जातो तसतसा पसरत जातो. अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता साधारण चौथाईवर येते. याउलट गाडीचा गोंगाट चोहोबाजूंनी येत असतो, म्हणून फोन मांडीवर ठेवा की ओठांजवळ धरा, माइकला तो जवळपास तेवढाच ऐकू येतो. मी फोन चाळीस सेंटिमीटरवर ठेवीत असे. तो पाच सेंटिमीटरवर, म्हणजे सुमारे तीन बोटांवर आणला, की अंतर तीनदा निम्मे होते आणि आपला आवाज गोंगाटाच्या तुलनेत सुमारे ६४ पट तीव्र होतो. एवढी वाढ ओरडून कधीच मिळत नाही.

मात्र फोन जवळ आणताना माइक कोठे आहे हे पाहावे लागते. बहुतेक फोनांत तो खालच्या कडेला, चार्जरच्या खाचेशेजारी, टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रात असतो. मी कित्येक दिवस त्यावरच करंगळी ठेवून फोन धरीत होतो. दुसरी चूक माइक थेट ओठांसमोर धरण्याची. फ, भ, प, ब या अक्षरांबरोबर सुटणारा वारा सरळ छिद्रावर आदळतो आणि ‘भाव’ शब्दाच्या जागी नुसता धप्प असा आवाज जातो. म्हणून फोनची खालची कड ओठांच्या कोपऱ्याशी, जरा बाजूला ठेवावी. श्वास पुढे निघून जातो आणि शब्द माइकला मिळतात. वायरच्या इअरफोनवरील माइकही असाच चिमटीत धरावा. तो छातीवर लोंबकळू दिला तर अंतर वाढते आणि सदऱ्याला घासून खरखर होते ती वेगळीच. उघड्या खिडकीचा वाराही असाच शब्द खातो, म्हणून मी आता आतल्या बाजूच्या आसनावर बसतो.

अंतर कमी झाले की आवाज चढवण्याची गरज राहत नाही. गोंगाटात माणसाचा आवाज नकळत चढतो, ही गोष्ट एतिएन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये मांडली होती. चढलेल्या आवाजात स्वर लांबतात, सूर वर जातो, आणि नेहमीच्या बोलण्याला सरावलेल्या यंत्राला ते शब्द अनोळखी वाटू लागतात. दुकानात समोरच्या माणसाशी बोलावे त्याच स्वरात बोलणे उत्तम. व्यापाऱ्याला यात आणखी एक लाभ आहे, शेजारच्या प्रवाशाला आपला भाव कळत नाही. पण कुजबुजून मात्र चालत नाही. कुजबुजताना कंठ कंप पावत नाही आणि ग व क, ब व प यांतील फरकच नाहीसा होतो.

दुसरा उपाय तुकड्यांचा. यंत्र बोलणे कोठे संपले हे शांततेवरून ओळखते. गाडीत शांतता नसतेच, त्यामुळे आपण थांबलो तरी ते ऐकत राहते. एकदा पेठ नाक्यावर माझ्या निरोपात हळदीच्या मागोमाग ‘गरम शेंगा’ उतरल्या होत्या, खिडकीखाली शेंगवाला उभा होता. त्यावरून एक गोष्ट ध्यानात आली. महामार्गावरील इंजिनाची एकसुरी घरघर मोठी असली तरी ती बाजूला सारणे यंत्राला त्यामानाने सोपे जाते. खरी अडचण स्थानकावरच्या माणसांच्या आवाजाची, कारण तेही शब्दच असतात. म्हणून गाडी कऱ्हाडच्या स्थानकात शिरली की मी थांबतो आणि गाडी रस्त्याला लागल्यावर बोलतो.

बोलण्यापूर्वी माइकची खूण दाबावी, क्षणभर थांबावे, चार ते सात शब्द सांगावेत, पुन्हा खूण दाबून ऐकणे बंद करावे आणि उमटलेले वाचावे. मध्येच भोंगा वाजला तरी एकच तुकडा जातो, सारा निरोप बिघडत नाही. मात्र याहून लहान तुकडाही करू नये. नुसते ‘साठ’ म्हटले तर यंत्राला मागचापुढचा आधारच उरत नाही. चुकलेला तुकडा पूर्ण पुसून पूर्णच पुन्हा सांगावा, एकटा शब्द दामटून सांगू नये. दोनदा चुकला तर आकडा निमूटपणे हाताने टंकावा. आणि शब्द चुकीचे उमटण्याऐवजी काहीच उमटत नसेल, तर बहुधा गोंगाटापेक्षा नेटवर्कचा दोष असतो. तेथे फोन ओठांजवळ आणून उपयोग नाही.

तोच निरोप आता मी चार तुकड्यांत सांगतो. पहिला, ‘जय जिनेंद्र, साताऱ्याचा माल सांगतो.’ दुसरा, ‘राजापुरी हळद वखारीतून पाठवायची आहे.’ तिसरा, ‘तीस क्विंटल, म्हणजे साठ पोती.’ चौथा, ‘उद्या सकाळी साताऱ्यात पोचली पाहिजेत.’ पहिल्या तुकड्याला एक कारण आहे. खूण दाबताच घाईने बोलले तर आरंभीचा शब्द हुकतो. वंदनाचे शब्द अर्धवट उमटले, की फोन नीट धरलेला नाही किंवा घाई झाली हे मालाचा आकडा सांगण्यापूर्वीच कळते.

खरा पहारा मात्र तिसऱ्या तुकड्यात आहे. आमच्या वखारीत पोते पन्नास किलोंचे भरतात, म्हणून साठ पोत्यांचे तीस क्विंटल होतात आणि सात पोत्यांचे साडेतीन. उमटलेल्या ओळीत ‘तीस क्विंटल’ आणि ‘सात पोती’ असे आले, तर हिशेब जुळत नाही हे वाचणाऱ्याला तत्काळ दिसते. जमा आणि नावे दोन्ही बाजू लिहिणाऱ्या आपल्या लोकांना ही रीत नवी नाही. तोलही सांगावा आणि नगही सांगावा, म्हणजे एका आकड्याची चूक दुसरा पकडतो.

रस्त्यावरही हेच नियम चालतात. साताऱ्याच्या मोती चौकात किंवा सांगलीच्या गणपती पेठेत भोंगा वाजत असेल, तर मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे माझे अंगच फोनला आडोसा होते. पत्र्याच्या शटरजवळ आवाज आदळून परत येतो. भरलेल्या पोत्यांची थप्पी तो बराचसा गिळून टाकते, म्हणून बोलायचे तर थप्पीशेजारी. बँकेच्या खात्याचे आकडे मात्र मी रस्त्यात बोलून सांगतच नाही, तेथे एका आकड्याची चूक पकडणारा दुसरा आकडा नसतो.

त्या सात पोत्यांनंतर सांगलीला गेलो, तेव्हा ज्या हमालांच्या देखत पुतण्याला बोललो होतो त्यांच्याच देखत माझी चूक कबूल केली. तो हसून म्हणाला, “काका, मीही नुसतं बरं म्हटलं ना? आकडा उलट विचारायला हवा होता.” तेव्हापासून त्याच्या उत्तरात ‘बरं काका’ नसते. तो लिहितो, ‘६० पोती, ३० क्विंटल, उद्या सकाळी.’ ती ओळ माझ्या फोनवर उमटेपर्यंत मी फोन खिशात ठेवीत नाही.