ऑफर आली, पण जायचं नाही

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा सगळे गेल्यावर थांबला आणि हळूच म्हणाला, "ताई, चार राऊंड झाले, ऑफर लेटर आलं, पण मला जायचं नाही. आता त्यांचा फोनच उचलायचा नाही असं ठरवलंय. चालेल ना?"

चालणार नाही म्हटलं. पण त्याच्यावर रागावता आलं नाही, कारण हेच मी स्वतः केलेलं आहे. समाजशास्त्रात एमए झाल्या झाल्या एका संस्थेने माझ्या तीन मुलाखती घेतल्या आणि निवड केली. मला दुसरीकडे जायचं होतं. 'नाही' म्हणायला तोंड उघडेना. त्यांचे पाच-सहा फोन वाजू दिले, मेल उघडून बंद केला. दोन-अडीच वर्षांनी दुसऱ्याच एका संस्थेत मुलाखतीला गेले, तर टेबलापलीकडे त्याच मॅडम बसलेल्या. "आपण आधी बोललोय ना?" एवढंच म्हणाल्या. ती नोकरी मला मिळाली नाही. त्याच कारणाने गेली असं मी म्हणणार नाही, पण त्या अर्ध्या तासात मी एकही उत्तर धड देऊ शकले नाही, हे खरं आहे. सामाजिक क्षेत्रात माणसं थोडी आहेत आणि तीच माणसं या संस्थेतून त्या संस्थेत जात असतात. पुन्हा गाठ पडतेच.

फोन न उचलण्यामागे आपल्याकडे दोन प्रकारचे विचार दिसतात. एक, 'त्यांनी एवढा वेळ दिला, निवडलं, आता नाही कसं म्हणू?' नोकरी ही कोणीतरी केलेली मेहरबानी आहे, हे पिढ्यानपिढ्या मनात बसलेलं असतं. घरात पहिल्यांदाच कोणाला असं पत्र येतं तेव्हा ते जास्तच जाणवतं. दुसरा विचार याच्या अगदी उलटा, 'कंपन्या तरी कुठे आपल्याला कळवतात? मग आपण कशाला कळवायचं?' या दुसऱ्या विचारातला राग मला समजतो. नकार कळवायचे कष्टही न घेणाऱ्या संस्था मी पाहिल्यात. पण ज्याला आपण धडा शिकवायला निघतो ती संस्था यात कुठेच नसते. आपल्या गप्प बसण्याची किंमत भलतंच कोणी मोजतं.

कसं ते सांगते. शेवटच्या राऊंडनंतर संस्थेकडे साधारण एक पहिलं नाव असतं आणि एक दुसरं. पहिल्याने होकार देईपर्यंत दुसऱ्याला बहुतेक वेळा 'नाही' कळवत नाहीत, 'प्रक्रिया सुरू आहे' म्हणून थांबवून ठेवतात. आपण आठ दिवस फोन उचलला नाही, तर ते आठ दिवस तो दुसरा उमेदवार मोबाइलकडे बघत बसलेला असतो. तो आपल्याच वस्तीतला असू शकतो.

आता मेहरबानीची बाजू. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या भाषेत साधं ऑफर लेटर म्हणजे 'प्रस्ताव'. आपण स्वीकारेपर्यंत करार होत नाही. सही करण्याआधी किंवा मेलवर होकार देण्याआधी नाही म्हटलं तर आपण कोणाचं काही मोडत नाही. त्यामुळे माफीचा अर्ज लिहायची गरज नाही. दोन बाजू बोलत होत्या, त्यातल्या एका बाजूने उत्तर दिलं, एवढंच.

मी हे शिकले ते चार वर्षांपूर्वी. तेव्हा मी एका छोट्या संस्थेत होते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणं, स्वाधार योजनेची कागदपत्रं जमवणं, जात प्रमाणपत्रासाठी मुलांबरोबर तहसीलला खेपा घालणं, असं काम. पगार 26 हजार. पुण्यातल्या एका मोठ्या फाउंडेशनने कार्यक्रम व्यवस्थापक पदासाठी बोलावलं. आधी एचआरच्या मॅडमचा फोन, मग घरून करायचं लेखी काम, मग तिघांची ऑनलाइन मुलाखत, शेवटी पुण्याला जाऊन संचालकांशी भेट. त्या भेटीत मी विचारलं, "महिन्यातून किती दिवस वस्तीवर?" ते म्हणाले, "दोन-तीन. बाकी अहवाल, बजेट आणि देणगीदारांशी बोलणं." हे बदलू शकतं का, असंही विचारलं. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की हे पदच त्यासाठी आहे.

बुधवारी दुपारी पत्र आलं. पगार 48 हजार, उत्तर सोमवारपर्यंत. त्याच संध्याकाळी मी दोन ओळींचा मेल टाकला: पत्र मिळालं, आभार, शुक्रवारी दुपारपर्यंत कळवते. विचार करायला वेळ घेणं आणि गायब होणं यात फरक आहे, आणि तो फरक या दोन ओळींमुळे पडतो.

गुरुवारची रात्र वाईट गेली. आई म्हणाली, "दुप्पट पगाराला नाही म्हणणारी तू एकटीच." भावाची शेवटच्या वर्षाची फी बाकी होती, त्यामुळे तिचं चुकत नव्हतं. पण वस्ती सोडून अहवाल लिहीत बसणं मला वर्षभरही जमलं नसतं, आणि सहा महिन्यांत सोडून येणं सगळ्यांनाच महाग पडलं असतं.

मग प्रश्न आला कारण काय सांगायचं याचा. पहिला मसुदा पानभर झाला. त्यात तीन वेळा क्षमस्व, त्यांच्या कामाची भरपूर स्तुती, आणि कारण म्हणून आईची तब्येत. आईला काहीही झालेलं नव्हतं. तो मसुदा मी आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्या दादांना वाचून दाखवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "त्या उद्या म्हणाल्या, आईसाठी घरून काम करा, तर जाशील?" मी म्हटलं, नाही. "पगार कमी आहे म्हणालीस आणि त्यांनी पाच हजार वाढवले, तर?" तरी नाही. "मग ही तुझी कारणं नाहीतच," दादा म्हणाले.

माझ्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच. समोरच्याने दूर केली तरी आपण जाणार नाही, अशी अडचण कारण म्हणून सांगू नये. समोरची व्यक्ती ती दूर करायला धावते, वरिष्ठांकडून मंजुरी आणते, आणि मग आपल्याला दुसरं कारण शोधावं लागतं. गोडी संपते ती तिथे. याची दुसरी बाजूही आहे. अडचण दूर झाल्यावर आपण खरंच जाणार असू, तर तो नकार नाही, मागणी आहे. मग मागणी म्हणूनच बोलावं, आणि तेही नकार देण्याआधी.

शुक्रवारी अकरा वाजता मी फोन केला. मुद्दाम सकाळी, म्हणजे शनिवार-रविवारच्या आधी त्यांना दुसऱ्या उमेदवाराशी बोलता येईल. पहिल्याच वाक्यात सांगितलं, "मॅडम, मी विचार केला, हे पद मी स्वीकारत नाहीये. तुम्हाला फोनवर आधी सांगावं असं वाटलं." त्या क्षणभर थांबल्या. "पगाराचं काही आहे का?" "नाही मॅडम. पदात वस्तीवरचं काम दोन-तीन दिवसांचं आहे, आणि मला निदान अर्धा महिना लोकांमध्ये राहायचंय. सरांनी ते स्पष्ट सांगितलं होतं, म्हणूनच मला ठरवता आलं." त्या म्हणाल्या, "बरं झालं आज सांगितलंत." चार मिनिटांत फोन संपला. मग लगेच मेल केला, कारण त्यांनाही वर दाखवायला लेखी काहीतरी लागतं. मेल इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा:

'आपण देऊ केलेल्या कार्यक्रम व्यवस्थापक पदाबद्दल आभार. फोनवर सांगितल्याप्रमाणे मी हे पद स्वीकारू शकत नाही. मला सध्या प्रत्यक्ष वस्तीपातळीवरचं काम करायचं आहे आणि या पदाचं स्वरूप वेगळं आहे. लेखी कामावर आपल्या टीमने दिलेल्या सूचना मला उपयोगी पडल्या. पुढे वस्तीपातळीवरचं एखादं पद निघालं तर जरूर कळवावं.'

शेवटचं वाक्य सौजन्य म्हणून नव्हतं. उमेदवारांच्या नावापुढे एचआरची माणसं शेरे लिहून ठेवतात. 'आली नाही' असा शेरा पडला की पुढे कोणी ते नाव उघडत नाही. 'वस्तीवरचं पद असेल तर विचारावं' असा शेरा असेल, तर फोन कशासाठी करायचा हे त्यांना कळतं. खरं कारण सांगितल्यामुळेच तो शेरा लिहिता येतो. आईच्या तब्येतीतून त्यांना काय लिहिता आलं असतं?

फोनवर त्यांनी आणखी एक विचारलं होतं, "तुमच्या ओळखीत कोणी आहे?" माझ्या डोळ्यांसमोर लगेच एक नाव आलं होतं, पण मी म्हटलं, "विचारून सांगते." त्या मित्राला संध्याकाळी पदाचं स्वरूप जसंच्या तसं सांगितलं, तो हो म्हणाल्यावरच नंबर दिला. त्याची मुलाखत झाली, निवड झाली नाही. तरी मॅडमनी त्याला तसं कळवलं, आणि मलाही.

हे सगळं होकार देण्याआधीचं आहे. एकदा स्वीकारल्याचं लिहून दिलं की गोष्ट बदलते. त्यांनी दुसऱ्या उमेदवाराला मोकळं केलेलं असतं, रुजू होण्याची तारीख ठरलेली असते. तेव्हा मागे फिरायचं झालं तर आधी पत्रातल्या अटी वाचा, त्याच दिवशी फोन करा, आणि समोरचा चिडला तर ऐकून घ्या. नोकरी एखाद्या कन्सल्टन्सीमार्फत आली असेल तर पहिला फोन तिथल्या माणसाला करायचा. बहुतेकदा उमेदवार रुजू झाला तरच त्याला पैसे मिळतात, आणि आपला नकार त्याला कंपनीकडून कळला तर तो आपलं नाव पुन्हा पुढे करत नाही. आणि काही माणसं नीट बोलूनही दुखावतातच. त्यावर उपाय नाही.

मॅडमचा फोन अकरा महिन्यांनी आला. पद वस्तीपातळीवरचं होतं, तीन जिल्ह्यांतल्या वसतिगृहांचं, महिन्यातले पंधरा-सोळा दिवस फिरतीचं. पगार 48 नव्हता, 39 होता. मधल्या दोन राऊंड त्यांनी घेतल्याच नाहीत, थेट संचालकांशी बोलणं झालं. मी अजून तिथेच आहे.

अभ्यासिकेतल्या त्या मुलाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. "तुझं खरं कारण काय?" एवढंच विचारलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, एमपीएससीची मुख्य परीक्षा द्यायचीय, पण ते सांगितलं तर हसतील." दुसऱ्या दिवशी त्याने जिन्यात उभं राहून फोन केला. वर आला तेव्हा कान लाल झाले होते. "हसले नाहीत," म्हणाला. "पेपर कधी आहे ते विचारलं."