तज्ज्ञांची तारीख बदलताना

लंडनमध्ये हृदयरोगतज्ज्ञांची तारीख मिळायला अनेकदा कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे नेमकी त्याच वेळी ऑफिसची मीटिंग आली, तर आधी मीटिंग हलते का ते पाहावे. साहेबांना आजार सांगायची गरज नसते, "त्या सकाळी हॉस्पिटलची तारीख आहे, मीटिंग दुपारी घेता येईल का?" एवढे विचारले तरी पुरते. तारखेच्या मानाने मीटिंग हलवणे बहुधा सोपे असते, आणि हा प्रश्न विचारायला नाशिकहून लंडनला आलेले लोक उगीच संकोचतात.

मीटिंग हललीच नाही, तर ते कळले त्याच दिवशी हॉस्पिटलला कळवावे. नाशिकची सवय इथे नडते. कॉलेज रोडवरच्या दवाखान्यात सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या माणसाची शिफ्ट बदलली, की तो रिसेप्शनवर फोन करून "आज जमत नाही, शनिवारी नंबर लावा" म्हणतो. फोन करायचा राहिला तरी पुढचा पेशंट आत जातो, आणि शनिवारी गेल्यावर रिसेप्शनवरच्या ताई थोडे बोलून का होईना, नंबर लावतात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, न कळवता चुकवलेल्या तारखेची 'गैरहजर' अशी नोंद होते. तज्ज्ञांना धोका वाटला नाही, तर रुग्णाला परत जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे, पाठवता येते. मग पुन्हा शिफारस आणि पुन्हा रांग. आधी कळवून बदललेल्या तारखेची नोंद वेगळी होते.

समजा, गुरुवारी सकाळी १०:४० ची तारीख आहे आणि सोमवारी कामाची अडचण कळली. हॉस्पिटलच्या पत्रावरचा संदर्भ क्रमांक आणि जन्मतारीख जवळ ठेवून पत्रातल्या क्रमांकावर फोन करावा. जीपींच्या शिफारशीनंतरची पहिली भेट ऑनलाइन ठरवली असेल, तर ती त्याच संकेतस्थळावर बदलता येते. फोनवर सांगायचे ते इतकेच: "गुरुवारी १०:४० ला येणार होतो. कामामुळे जमत नाही, माफ करा. ही वेळ दुसऱ्या कुणाला देता येईल म्हणून आत्ताच कळवतोय. पुढच्या आठवड्यात मंगळवारी किंवा बुधवारी कधीही येऊ शकेन." कारण एका वाक्यात सांगावे. खोटा ताप किंवा नातेवाइकाचे आजारपण सांगू नये; फोन घेणाऱ्याला कारणापेक्षा पर्यायी दिवस हवे असतात. "मला कधीही चालेल" म्हणून नंतर तीन तारखा नाकारल्या, तर तो वैतागणारच.

फोन ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात. त्या भेटीला जोडलेला ईसीजी किंवा रक्ततपासणीही पुढे गेली का? आणि अचानक कुणी रद्द केले तर आधी बोलावतील अशा यादीत नाव घालता येईल का? नवी तारीख पत्राने किंवा मेसेजने येईपर्यंत बदल पक्का धरू नये.

कर्करोगाच्या शंकेने तातडीची शिफारस झाली असेल, किंवा छातीत दुखणे वाढत असेल, तर कामासाठी तारीख पुढे ढकलूच नका. दुखणे थांबत नसेल, तर तारखेची वाट न पाहता ९९९ वर फोन करा.